दोन लिपी, एक मुद्रा

सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्यानंतर शहरातले पाटीवाले दिवसरात्र कामाला लागले. कायदा त्याआधीच झाला होता. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन असे ठरले, की दुकान कितीही लहान असो, नाव देवनागरीत सुरुवातीला हवे आणि मराठी अक्षरे इतर कोणत्याही लिपीपेक्षा लहान नसावीत. पाट्या झाल्या. पण त्यांतल्या पुष्कळशा पाहिल्या की काम कसे उरकले असेल ते लगेच कळते. इंग्रजी नाव जुन्या लोगोतले, घोटून काढलेले, आणि त्याच्या डोक्यावर संगणकात मिळेल त्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी ओळ. कायद्याचे समाधान झाले, डोळ्याचे झाले नाही. एका दुकानाची दोन नावे वाटावीत, अशी ती पाटी दिसते.

हे पुस्तक त्या दोन ओळींना एक करण्याविषयी आहे. दोन लिपींतली नावे ठरावीक आकारात, ठरावीक अंतरावर, कायमची एकत्र बसवली की त्या जोडीला आमच्या धंद्यात लॉकअप म्हणतात. पुढच्या प्रकरणांत पाटी, पाकीट, कापड, पडदा अशा निरनिराळ्या जागी ही जोडी कशी टिकवायची ते सविस्तर आले आहे. प्रस्तावनेत मी एकच गोष्ट पटवून द्यायचा प्रयत्न करणार आहे: ही जोडी जमवायची असेल तर मराठी आधी काढावी आणि इंग्रजी तिच्या मापाने बसवावी. आपल्याकडे नेमके उलटे होते. इंग्रजी लोगो आधी मंजूर होतो आणि शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी ‘मराठी बसवून द्या’ म्हणून सांगितले जाते.

मराठी आधी, यामागचे कारण अभिमानाचे नाही, बांधणीचे आहे. रोमन लिपीत हात मोकळा राहतो. सगळी अक्षरे कॅपिटल घेता येतात किंवा लहान घेता येतात, दोन अक्षरांमधले अंतर वाढवता येते, आडवी फाकवलेली किंवा दाबलेली अक्षरेही डोळा चालवून घेतो. देवनागरीत यातले फारसे काही चालत नाही. कॅपिटल नाहीत. शिरोरेषा सलग असल्यामुळे अंतर वाढवले की एकतर ती तुटते किंवा अक्षरांमध्ये नुसती आडवी पट्टी उरते. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि ऑ-ॲ चा चंद्र. खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. ही सगळी जागा नावानुसार ठरते, आपल्या मर्जीनुसार नाही. ज्या बाजूला सवलत कमी तिचे माप आधी घ्यावे आणि जिकडे सवलत जास्त तिकडून जुळवून घ्यावे, हा साधा हिशेब आहे.

एक नाव घेऊन हे करून पाहू. कोल्हापूर हे नाव मी मुद्दाम निवडले आहे, कारण त्यात बहुतेक अडचणी एकत्र आल्या आहेत: वर मात्रा, मध्ये जोडाक्षर, खाली दीर्घ उकार. मराठीत डोळ्याला चारच तुकडे दिसतात: को, ल्हा, पू, र. इंग्रजीत मात्र आठ अक्षरे.

सुरुवात मापाच्या एककापासून करू. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या पायापर्यंतची उंची १०० धरू. पॉइंट साइज इथे उपयोगाचा नाही. फॉन्टचा पॉइंट साइज म्हणजे अक्षराची उंची नव्हे, तर अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवले असते तिची उंची. देवनागरीला त्याच चौकटीत मात्रा आणि उकारासाठी जागा सोडावी लागते, म्हणून दोन्ही नावे ७२ पॉइंटांत टाइप केली तर मराठी बहुधा बारीक दिसते. ‘मराठी इंग्रजीपेक्षा लहान नको’ ही अट पॉइंटांत मोजणाऱ्याची पाटी म्हणूनच फसते. मोजायचे ते रंगवलेले अक्षर.

आता काना १३ जाड ठेवू आणि शिरोरेषा ११. दोन्ही सारख्या जाडीच्या काढल्या तर शिरोरेषा जास्त जाड भासते, कारण आडवी रेघ डोळ्याला नेहमी थोडी जड वाटते आणि ही तर नावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली असते. ल्हा मध्ये आणखी पातळ व्हावे लागते. ‘ह’ च्या घड्यांमधल्या पोकळ्या मुळातच अरुंद; त्यात शेजारी अर्धा ल. तिथे १३ ची जाडी ठेवली तर त्या जागी काळा ठिपका पडतो. म्हणून ‘ह’ च्या आतल्या वळणांची जाडी ११ पर्यंत उतरवावी. हा फरक वाचणाऱ्याला जाणवत नाही. त्याला फक्त शब्दाचा रंग एकसारखा वाटतो, आणि तेच हवे असते.

याच टप्प्यावर ‘ल’ तपासून घ्यावा. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे पूर्ण उभा दंड असतो. दोन्हींचा युनिकोड संकेतांक एकच, म्हणून फॉन्टला भाषा सांगितली नाही तर बहुतेक वेळा हिंदी वळण समोर येते. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूप `locl` या सोयीत ठेवलेले असते, आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की ते आपोआप लागू होते. वेबपानावर `lang="mr"` लिहिले की पुरते. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयातही ल आणि श यांची मराठी वळणेच धरली आहेत. ल तपासण्याच्याही आधीची एक पायरी आहे: इलस्ट्रेटरमध्ये `Show Indic Options` चालू केलेले नसेल तर जोडाक्षर नीट जुळेलच असे नाही, ल खाली पाय मोडलेला आणि ह वेगळा उभा, असे दिसू शकते. अशा मोडक्या शब्दाची बाह्यरेषा करून तो थेट छापखान्यात गेल्याची उदाहरणे रस्त्यावर कमी नाहीत.

मराठी शब्द उभा राहिला की त्याची लांबी मोजावी. वरच्या मापाने काढलेल्या कोल्हापूरची शिरोरेषा साधारण ३८० भरते. आता इंग्रजीकडे वळू.

दोन्ही नावे एका ओळीत शेजारी ठेवायची असतील, तर कान्याचा पाय आणि इंग्रजीची बेसलाइन एकच. वरच्या बाजूला मात्र चूक हमखास होते. कुणी शिरोरेषा इंग्रजी लहान अक्षरांच्या माथ्याशी, म्हणजे एक्स-हाइटशी जुळवतो, आणि मराठी खुजी होते. खुजी का, तर इंग्रजी ‘ओ’ किंवा ‘यू’ च्या पोटात भरपूर मोकळी जागा असते आणि मराठीला तेवढ्याच उंचीत ‘ह’ च्या घड्या घालाव्या लागतात. कुणी शिरोरेषा कॅपिटलच्या माथ्याशी बरोबर जुळवतो. हे त्यापेक्षा बरे, पण कॅपिटलचे टोक सुटे असते आणि शिरोरेषा सलग पट्टी असते, त्यामुळे पट्टीच्या रेषेत आलेले कॅपिटल उगीच ताठ दिसते. मला बसलेले माप असे: इंग्रजी ‘एल’ आणि ‘एच’ चे उंच दांडे १०० वर, शिरोरेषेच्या वरच्या कडेला, कॅपिटल ‘के’ त्याहून किंचित खाली, ९२ च्या आसपास, आणि एक्स-हाइट चांगली उंच, ७२. पॉपिन्स या फॉन्टमध्ये देवनागरी निनाद काळे यांची आणि रोमन जॉनी पिन्हॉर्न यांची. त्यांनीही हेच नाते धरले आहे. तिथे देवनागरी अक्षराची उंची रोमनच्या उंच दांड्याएवढी आहे, कॅपिटल त्यापेक्षा बुटके आहेत आणि एक्स-हाइट वर नेलेली आहे. कायद्याच्या अटीलाही हे सोयीचे: दिसायला दोन्ही सारखी, आणि फूटपट्टी लावली तर मराठी रेसभर मोठीच.

जाडीचे गणितही असेच. इंग्रजीला १३ ची जाडी दिली तर ती मराठीपुढे फिकी पडते, कारण तिला शिरोरेषेचा काळेपणा नाही आणि पोटे मोकळी आहेत. १४ केली की बरोबरी होते. ठळक लोगो हवा असेल तेव्हा मर्यादा मराठीकडून येते. इंग्रजी अक्षर कितीही जाड केले तरी वाचता येते. ल्हा एका मर्यादेपुढे बुजतो. म्हणून किती जाड जायचे हे नावातले सगळ्यांत दाट जोडाक्षर ठरवते. तिथे थांबावे आणि इंग्रजीलाही तिथेच थांबवावे.

शेजारी ठेवलेल्या नावांत आणखी एक सवय मोडायला हवी, ती मधल्या उभ्या रेघेची. दोन इंग्रजी नावांमध्ये बारीक उभी रेघ घालतात ते चालते. मराठीत ‘र’ च्या पुढे उभी रेघ आली की डोळा तिला काना समजतो आणि कोल्हापूरचा कोल्हापूरा होतो. रेघ नकोच. ‘प’ च्या रुंदीएवढे, म्हणजे साठ-पासष्ट मोकळे अंतर ठेवले की दोन्ही नावे वेगळी वाचता येतात आणि एकत्रही राहतात.

आता वर मराठी आणि खाली इंग्रजी अशी मांडणी पाहू. पाट्यांवर हीच जास्त लागते. वरच्या मापातले इंग्रजी नाव भरते सुमारे ६०० लांब, आणि मराठी ३८०. मराठी शब्द ताणता येत नाही, म्हणून इंग्रजी लहान करावी लागते. ३८० मध्ये बसवायची तर एक्स-हाइट ७२ वरून ४५ वर येते. पण नुसते आकारमान कमी केले की जाडीही १४ वरून ९ पर्यंत घसरते आणि खालची ओळ केविलवाणी दिसते. त्यामुळे त्याच घराण्यातले एक-दोन पायऱ्या ठळक वजन घेऊन जाडी १०-१०.५ वर आणावी. तेराची बरोबरी करू नये. एवढ्या लहान अक्षरात ती दाटते.

मग प्रश्न येतो दोन ओळींमधल्या अंतराचा, आणि या नावाची खरी गंमत इथे आहे. पू चा दीर्घ उकार कान्याच्या पायाखाली सुमारे ३२ उतरतो. उकाराच्या टोकाखाली १२ ची मोकळी जागा सोडून इंग्रजीचे उंच दांडे सुरू करायचे म्हटले, तर दोन ओळींत ४४ चे अंतर पडते. एवढ्या फटीत ओळी एकमेकींपासून सुटतात. पण नीट पाहिले तर उकार नावाच्या उजव्या बाजूला आहे, साधारण २७० ते ३३५ च्या पट्ट्यात. इंग्रजीचे उंच दांडे म्हणजे के, एल आणि एच. ते सगळे डाव्या अर्ध्यात, १९० च्या आत संपतात. उजवीकडची ए, पी, यू, आर ही चारही अक्षरे एक्स-हाइटपर्यंतच आहेत. म्हणजे वरून जिथे उकार खाली येतो, नेमकी तिथेच खालच्या ओळीत मोकळी जागा आहे. आणि जिथे खालून दांडे वर येतात तिथे को आणि ल्हा यांच्या पायाखाली काही नाही. उकाराच्या टोकापासून १२ सोडून पी-यू चा माथा ठेवला, तर उंच दांडे कान्याच्या पायापासून २७ वर येतात. ४४ चे अंतर २७ वर आले, काहीही कापावे लागले नाही, आणि दोन ओळी एकमेकींत गुंतल्या. हीच इंग्रजी सगळ्या कॅपिटलमध्ये घेतली असती तर माथा सपाट झाला असता आणि उकाराला उतरायला जागाच उरली नसती.

प्रत्येक नावात अशी सोय सापडेलच असे नाही. वर रफार आणि अनुस्वार एकत्र आले, किंवा खाली दोन-तीन उकार ओळीने आले, की जागा सोडण्यावाचून गत्यंतर नसते. पण शोधल्याशिवाय हे कळत नाही, आणि आधी मंजूर झालेल्या कॅपिटल इंग्रजीच्या डोक्यावर मराठी ठेवणाऱ्याला ते शोधताच येत नाही. मराठी आधी काढा म्हणतो ते यासाठी.

माप जुळले तरी दोन्ही नावे एका हाताची वाटतीलच असे नाही. त्यासाठी वळणे जुळवावी लागतात, आणि तिथे एक मोठा मोह उभा राहतो. इंग्रजी अक्षरांवर शिरोरेषा ओढून त्यांना ‘भारतीय’ करायचे, किंवा इंग्रजी अक्षरांचे तुकडे कापून-फिरवून त्यांतून मराठी नाव जुळवायचे. पहिल्या प्रकारात इंग्रजीच्या माथ्यावर नुसती रेघ येते. मराठी अक्षरे शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकलेली असतात. इंग्रजी अक्षरे जमिनीवर उभी असतात. उभ्या माणसाला दोरी बांधून तो लटकत नाही. दुसऱ्या प्रकारात मराठीचे वळणच हरवते, कारण दोन लिपींच्या लेखणीची धार वेगळी. रोमन लिहिणाऱ्या रुंद टोकाच्या लेखणीने ‘ओ’ काढला तर जाडी डावीकडे खाली आणि उजवीकडे वर येते. देवनागरीचा बोरू उलट्या तिरक्या छाटाचा, म्हणून ‘ठ’ च्या गोलात जाडी डावीकडे वर आणि उजवीकडे खाली जाते. र. कृ. जोशी यांच्या सुलेखनातून वाढलेल्या पिढीला हे वेगळे सांगावे लागत नाही. पण फक्त माउसने अक्षर काढणाऱ्याला मुद्दाम सांगावे लागते. जाड-बारीक लेखणीचा लोगो करायचा असेल तर दोन्ही लिपींना आपापली धार राहू द्यावी. फरकाचे प्रमाण, म्हणजे जाड किती आणि बारीक किती, तेवढे सारखे ठेवावे. एकाच जाडीची अक्षरे घेतली तर हा पेचच उरत नाही, आणि बहुतेक द्विभाषी लोगो त्या वाटेने जातात त्याचे एक कारण हेच.

मग सारखे काय करायचे? थोड्या गोष्टी, पण नेमक्या. रेघेचे टोक कसे तोडले आहे, सपाट, गोल की तिरके, ते दोन्हीकडे एकच हवे. कोल्हापूरमध्ये ‘र’ चा तिरका पाय आणि इंग्रजी ‘के’ चा तिरका पाय यांचा छेद सारखा ठेवा. ‘क’ चे पोट आणि इंग्रजी ‘पी’ चे पोट एकाच ताणाचे काढा. एक चौकोनाकडे झुकलेले आणि दुसरे अंड्यासारखे, असे नको. ‘प’ चे वळण आणि ‘यू’ चे वळण शेजारी ठेवून पाहा. दोघांनाही खाली वळून उभ्या दांड्याला भिडायचे असते, आणि ती भेट दोन्हीकडे एकाच पद्धतीने झाली पाहिजे. एवढे तीन-चार धागे जुळले की डोळा उरलेले सगळे आपोआप एका घराण्यात टाकतो.

जुळले की नाही हे कसे ओळखायचे? जोडी उलटी करून भिंतीवर लावा आणि दहा-बारा फूट मागे जा. नाव वाचता येत नसले की फक्त काळेपणा दिसतो. एक ओळ गडद आणि एक फिकी असेल तर ते लगेच उघडे पडते. मग लहान करून पाहा. व्हिजिटिंग कार्डावर ही जोडी २० मिलिमीटर रुंद छापली, तर इंग्रजीची एक्स-हाइट जेमतेम २.४ मिलिमीटर राहते आणि ‘ह’ मधली सहा एककांची पोकळी ०.३ मिलिमीटरची होते. साध्या छपाईत ती शाईने भरते. त्या आकारासाठी पोकळ्या उघडलेली, जाडी थोडी उतरवलेली वेगळी प्रत काढून ठेवावी लागते. आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या इवल्याशा चौकोनात दोन्ही नावे कोंबू नयेत. तिथे एकटे ‘को’ पुरते.

पाटीच्या कारखान्यातही फरक पडतो. इंग्रजी नावाची आठ सुटी अक्षरे कापून, आत एलईडी घालून, एकेक करून बसवता येतात. शिरोरेषेमुळे मराठी नाव हा एकच सलग डबा होतो. पाटी मोठी असली की त्याला सांधा द्यावा लागतो, आणि कारागिराला सांगितले नाही तर हा सांधा पत्र्याच्या सोयीने अक्षराच्या मध्यावर येतो. सांधा दोन अक्षरांच्या मधल्या शिरोरेषेवर यावा, ही सूचना नकाशावरच लिहून द्यावी. या आणि अशा बाबी पुढच्या प्रकरणांत चित्रांसह आल्या आहेत.

वाचकांकडे एवढेच मागणे आहे. तुम्ही लोगो काढणारे असाल तर गिऱ्हाईक इंग्रजी नाव घेऊन येईल तेव्हा कागदावर पहिली रेघ शिरोरेषेची ओढा. तुम्ही गिऱ्हाईक असाल तर पहिल्या बैठकीत मराठी नावाचा कच्चा आराखडा मागा आणि तो पाहिल्याशिवाय इंग्रजीवर सही करू नका. मराठी नंतर बसवून मिळणारी पाटी कायद्याच्या तपासणीतून सुटेल; एक मुद्रा मात्र ती होणार नाही.